स्किल ट्री, पूर्वअटी आणि रिस्पेक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत आम्ही पाच जण मिळून मोबाइलसाठी एक रोलप्लेइंग गेम बनवत आहोत. खाडीकाठच्या एका काल्पनिक गढीवर पहारा देणारा शिलेदार हे त्यातले मुख्य पात्र आहे. ठाणे आणि नवी मुंबईत गेम बनवणारे जे मित्र आमच्याकडे येऊन हा गेम खेळून पाहतात, त्यांचे बहुतेक प्रश्न स्किल ट्रीभोवती, म्हणजे पॉइंट देऊन पात्राची कौशल्ये निवडण्याच्या फांद्याफांद्यांच्या नकाशाभोवती फिरतात, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरण म्हणून सर्वत्र आमचीच ट्री घेतली आहे, कारण तिच्यातले आकडे आणि चुका आम्हाला आतून माहीत आहेत.

## तुमची ट्री नेमकी कशी आहे?

शिलेदार पहिल्या लेव्हलपासून एकविसाव्यापर्यंत जातो आणि प्रत्येक नव्या लेव्हलला एक पॉइंट मिळवतो, म्हणजे त्याच्या हाती एकूण २० पॉइंट येतात. ट्रीला धनुष्य, सापळे आणि ढाल अशा तीन शाखा आहेत. प्रत्येक शाखेत १६ नोड, म्हणजे घेता येणारी कौशल्ये आहेत, प्रत्येक नोड एका पॉइंटला मिळतो आणि शाखेच्या टोकाला एक मोठा नोड आहे, ज्याला आम्ही ‘कळस’ म्हणतो. याशिवाय दोन शाखांना जोडणारे तीन ‘पूल’ आहेत. एकूण ५१ नोड आणि २० पॉइंट असल्यामुळे खेळाडूला निम्म्याहून अधिक ट्री सोडूनच द्यावी लागते, आणि तो कोणता भाग सोडतो यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

## दोन बिल्ड ‘खरोखर वेगळे’ आहेत हे कशावरून ठरवायचे?

बिल्ड म्हणजे एका खेळाडूने निवडलेल्या नोडांचा संच. दोन बिल्डमध्ये किती नोड सामाईक आहेत, हे मोजणे सोपे असले तरी ते पुरेसे नाही. एका बिल्डने बाणाचा डॅमेज वाढवणारे दहा नोड घेतले आणि दुसऱ्याने भाल्याचा डॅमेज वाढवणारे दहा घेतले, तर सामाईक नोड एकही नाही. तरीही दोन्ही खेळाडू शत्रूकडे तोंड करून तेच बटण दाबत राहतात. चित्र बदलले, खेळ तोच राहिला.

माझ्या मते खरी कसोटी अशी आहे : एकच नोड दोन बिल्डमध्ये वेगवेगळ्या मोलाचा ठरतो का? आमच्या धनुष्याच्या कळसाचे नाव ‘स्थिर नेम’ आहे. तो घेतल्यावर चालता चालता बाण मारता येत नाही. मात्र एका जागी उभे राहिल्यास पहिल्या तीन सेकंदांपर्यंत बाणाचा डॅमेज वाढत जातो. सापळ्यांचा कळस ‘मोकळे हात’ आहे. तो घेतल्यावर हातातले शस्त्र चालवताच येत नाही, पण एका वेळी दुप्पट सापळे मांडता येतात. आता ‘चालण्याचा वेग १५ टक्के अधिक’ हा साधा नोड पाहा. स्थिर नेमवाल्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य आहे, तर मोकळे हातवाला पळत पळत सापळे मांडतो, म्हणून त्याच्यासाठी तोच नोड शाखेतला सर्वांत मोलाचा आहे. उलट ‘उभे असताना ढालीचा आडोसा’ हा नोड स्थिर नेमवाल्याला हवाहवासा वाटतो आणि पळणाऱ्याला नकोसा. जिथे असे होते तिथे दोन खेळाडू एकाच ट्रीकडे पाहत असूनही त्यांना दोन वेगळे नकाशे दिसत असतात.

आम्ही करतो ती दुसरी तपासणी अगदी साधी आहे. खेळाडूने ट्रीचा स्क्रीन दाखवायचा नाही, फक्त दहा सेकंदांची लढाई दाखवायची, आणि त्यावरून त्याचा बिल्ड कोणता हे आम्ही ओळखायचे. ओळखता आला नाही तर तो बिल्ड केवळ आकड्यांत वेगळा आहे.

## मी प्रत्येक नोडला ‘१० टक्के अधिक डॅमेज’ दिले आहे. तरी सगळे खेळाडू एकसारखेच बिल्ड का करतात?

हे खेळाडूंच्या आवडीमुळे होत नाही, गणितामुळे होते. समजा, बाणाचा डॅमेज वाढवणारे सर्व नोड एकमेकांत मिळवले जातात आणि वर्मी घावाचा डॅमेज वाढवणाऱ्या नोडांचा वेगळा गट आहे. या दोन गटांचा मात्र गुणाकार होतो. मूळ डॅमेज १०० धरला आणि बाराही पॉइंट पहिल्या गटात टाकले, तर १०० अधिक १२० असे २२० होतात. तेच बारा पॉइंट सहा-सहा असे वाटले, तर १६० गुणिले १.६ म्हणजे २५६ होतात. गुणाकार होणारा तिसरा गट असेल आणि चार-चार-चार अशी वाटणी केली, तर आकडा २७४ च्या वर जातो.

एका गटात पॉइंट टाकत गेल्यावर पुढच्या पॉइंटचे मोल घटत जाते. २२० वर आणखी १० मिळवले तर प्रत्यक्ष वाढ साडेचार टक्के एवढीच होते, तर न स्पर्शलेल्या गटातला पहिला पॉइंट पूर्ण दहा टक्के देतो. त्यामुळे गणित समजणारा प्रत्येक खेळाडू सर्व गटांत सारखी वाटणी करतो, आणि हे गट जर वेगवेगळ्या शाखांत पसरलेले असतील, तर तिन्ही शाखांतून थोडे थोडे घेणारा एकच बिल्ड सर्वांत बलवान ठरतो. शाखांना कितीही वेगळी नावे दिली तरी त्यात फरक पडत नाही.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एकमेकांशी गुणाकार होणारे गट एकाच शाखेत आणले, म्हणजे त्यांची वाटणी शाखेच्या आत होते आणि शाखा बदलण्याचे कारण उरत नाही. दुसरे असे की शाखेशाखेतला फरक टक्क्यांवर न ठेवता नियमांवर ठेवला. पाथ ऑफ एक्झाइल या गेममध्ये याची स्पष्ट उदाहरणे आहेत. तिथल्या एका मोठ्या नोडने आपले वार कधीच चुकवले जात नाहीत, पण वर्मी घाव कायमचे बंद होतात. दुसऱ्या एका नोडने कमाल आयुष्य १ वर येते आणि त्या बदल्यात एका प्रकारच्या डॅमेजपासून पूर्ण संरक्षण मिळते. असा नोड घेताक्षणी ट्रीतल्या इतर डझनावारी नोडांचे मोल शून्य होते किंवा वाढते. टक्के देणारा नोड हे काम कधीच करू शकत नाही.

## पूर्वअटींचे प्रकार किती, आणि कोणता वापरावा?

व्यवहारात चार प्रकार भेटतात. पहिला म्हणजे ठरावीक नोडाची अट : ‘क’ घ्यायचा तर आधी ‘ख’ घ्या. दुसरा म्हणजे बेरजेची अट : या शाखेत अमुक पॉइंट टाकलेले असतील तरच पुढची ओळ उघडेल. तिसरी लेव्हलची अट आणि चौथी शेजाराची अट, म्हणजे घेतलेल्या कोणत्याही नोडाला चिकटून असलेलाच नोड घेता येतो.

ठरावीक नोडाची अट जपून वापरावी असे माझे मत आहे. ‘ख’ हा ‘क’ च्या प्रत्येक बिल्डमध्ये येणारच असेल, तर तो निवडीचा नोड राहत नाही, तो जकात नाका होतो. अशी अट लावायचीच असेल तर ती शक्यतो ‘हा किंवा तो’ अशी असावी. ठाण्याहून वाशीला कुर्ल्यावरून हार्बरने जाता येते आणि ऐरोलीवरून ट्रान्स-हार्बरनेही; पोचण्याचे ठिकाण एकच, पण वाटेत दिसते ते वेगळे. आमच्या ‘पेटता बाण’ या नोडाकडे ‘लांब पल्ला’ घेऊनही जाता येते आणि ‘जलद नेम’ घेऊनही, त्यामुळे एकच टोक गाठणाऱ्या दोघांचे हात वेगळे चालतात.

बेरजेची अट खेळाडूला मधल्या पॉइंटांचे स्वातंत्र्य देते. कळसासाठी आम्ही तीच वापरली आहे.

## वाटेतला नोड निरुपयोगी वाटू नये म्हणून पुढच्या कौशल्याला त्याचा बोनस दिला तर?

डायब्लो २ मध्ये हे करून पाहिलेले आहे. तो गेम २००० साली आला तेव्हा सुरुवातीच्या कौशल्यांतले पॉइंट पुढे वाया गेल्यासारखे वाटत. २००३ च्या १.१० या पॅचमध्ये सिनर्जी आल्या, म्हणजे जुन्या कौशल्यातला प्रत्येक पॉइंट नव्या कौशल्याचा डॅमेज वाढवू लागला. जुने पॉइंट वाया जाणे थांबले हे खरे; पण एका कौशल्यात २० आणि त्याच्या प्रत्येक सिनर्जीत २० असे भरत गेले की हातचे पॉइंट संपतात, आणि मग बिल्ड खेळाडूने न ठरवता सिनर्जीच्या यादीने ठरतो. बोनस द्यायचा तर तो एका पॉइंटात पूर्ण मिळावा आणि तो आकड्यात न राहता वागणुकीत दिसावा, असे मी सुचवेन.

## कळसासाठी किती पॉइंटांची अट ठेवावी?

हा आकडा एकट्याने ठरत नाही, तो एकूण पॉइंटांच्या शेजारी ठेवून ठरवावा लागतो. कोणत्याही मोठ्या नोडाची खरी किंमत म्हणजे तिथे पोचण्यासाठी लागणारे कमीत कमी पॉइंट आणि त्याचा स्वतःचा एक. वेगवेगळ्या शाखांतल्या अशा दोन किमतींची बेरज एकूण पॉइंटांइतकी किंवा त्यांपेक्षा कमी असेल तर दोन्ही नोड एकत्र घेता येतात. जास्त असेल तर घेता येत नाहीत.

आमची पहिली अट शाखेत ८ पॉइंटांची होती. कळस ९ पॉइंटांना पडत असे, दोन कळस १८ ला, आणि २० पैकी २ पॉइंट वर उरत. स्थिर नेम आणि ढालीचा कळस ‘भिंत’ ही जोडी इतकी उघड होती की नौपाड्यात एका रविवारी खेळायला बसलेल्या सगळ्यांनी, एकमेकांशी न बोलता, तीच घेतली. उभे राहून बाण मारायचे आणि अंगावर येणारा मार अर्धा परत फेकायचा, यात काहीही सोडून द्यावे लागत नव्हते.

मग आम्ही अट ११ वर नेली. आता कळस १२ ला पडतो, दोन कळस २४ ला, म्हणून दोन घेणे अशक्य झाले. एक कळस घेतल्यावर ८ पॉइंट उरतात, आणि दुसऱ्या शाखेत काही अर्थपूर्ण करण्यासाठी ते पुरेसे आहेत.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमच्या २००४ मधल्या ट्रीत हाच हिशेब फार नेटका होता. साठाव्या लेव्हलला ५१ पॉइंट मिळत आणि प्रत्येक ओळ उघडण्यासाठी त्या शाखेत आणखी ५ पॉइंट लागत. शेवटच्या ओळीतला नोड ३१ वा पॉइंट मागत असे आणि मधला महत्त्वाचा नोड २१ वा. ३१ आणि २१ मिळून ५२ होतात, म्हणजे एका शाखेचे टोक आणि दुसऱ्या शाखेचा तो मधला नोड एकत्र घेणे नेमके एका पॉइंटाने हुकत असे. हा एक पॉइंट कमी ठेवणे हेच त्या ट्रीतल्या निवडीचे मर्म होते.

## मग दोन शाखा मिसळू पाहणाऱ्याला काय मिळते?

त्याच्यासाठी पूल आहेत. दोन्ही शाखांत प्रत्येकी ८ पॉइंट असतील तर त्यांच्यामधला पूल घेता येतो, म्हणजे तो १७ पॉइंटांना पडतो. धनुष्य आणि सापळे यांच्या पुलाने सापळ्यात अडकलेल्या शत्रूवरचा प्रत्येक बाण वर्मी लागतो. हा बिल्ड एका जागी उभा राहत नाही आणि शस्त्रही सोडत नाही. सापळा मांडायचा, मागे सरकायचे, अडकला की बाण सोडायचा, असा त्याचा ताल आहे, आणि तो दोन्ही कळसांच्या तालाहून वेगळा आहे.

कळस आणि पूल एकत्र घेता येऊ नयेत अशी आमची इच्छा होती. धनुष्यात १२, सापळ्यांत ८ आणि पुलाचा १ मिळून २१ होतात, म्हणून ते आपोआप अशक्य आहे अशी आमची खात्री होती. तरीही नौपाड्यातल्याच एका खेळाडूने दोन्ही घेऊन दाखवले. आमचा कोड पुलाचा पॉइंट धनुष्य शाखेच्या बेरजेत धरत होता. आठ, आठ आणि पूल मिळून १७ झाले. पुलामुळे धनुष्याची बेरीज ९ दिसली. आणखी दोन नोड घेऊन ती ११ झाली, आणि विसाव्या पॉइंटाला कळस उघडला. आता पूल कोणत्याच शाखेत मोजला जात नाही. आपल्या ट्रीत असे सामाईक नोड असतील तर ते कुठे मोजले जातात हे कागदावर लिहून ठेवावे, कारण एका पॉइंटावर उभा असलेला हिशेब एका पॉइंटानेच पडतो.

## रिस्पेक फुकट ठेवावा की नाही?

रिस्पेक म्हणजे घेतलेले नोड परत देऊन त्यांचे पॉइंट नव्याने लावणे. या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ दिला पाहिजे, कारण पूर्वअटींनी जी निवड घडवली ती रिस्पेकचा चुकीचा नियम सहज पुसून टाकू शकतो.

एक टोक म्हणजे रिस्पेक अजिबात नाही. डायब्लो २ मध्ये २०१० च्या १.१३ पॅचपर्यंत असेच होते. त्याचा परिणाम असा की चांगली कौशल्ये लेव्हल ३० ला उघडणार हे माहीत असलेले खेळाडू तोवर पॉइंट खर्चच करत नसत. ते साठवून ठेवत आणि तोवरचा खेळ कसाबसा ढकलत. चूक झाली तर नवे पात्र सुरू करणे हाच उपाय होता. अशा ठिकाणी प्रयोग कोणी करत नाही; आधी कुठेतरी तयार बिल्ड वाचायचा आणि तोच उतरवायचा, हेच शहाणपणाचे ठरते.

दुसरे टोक म्हणजे कुठेही, कधीही, फुकट. हे उदार वाटते, पण त्यात बिल्ड नावाची गोष्टच विरघळते. मोठ्या एकट्या शत्रूसमोर स्थिर नेम, टोळी आली की मोकळे हात, दार राखायचे असेल तेव्हा भिंत, असे दर लढाईआधी बदलता आले, तर शिलेदाराकडे प्रत्यक्षात तिन्ही कळस आहेत, फक्त मध्ये एक मेनू आहे. स्थिर नेमवाल्याने टोळीसमोर अडचणीत येणे आणि त्या अडचणीतून आपल्या साधनांनी वाट काढणे, हाच त्या बिल्डचा खेळ होता, आणि तो निघून जातो.

म्हणून रिस्पेकची अडचण दोन लढायांमधल्या सोयीपेक्षा मोठी आणि नवे पात्र सुरू करण्यापेक्षा खूपच लहान असावी. एवढे ठरले की मधला मुद्दा हा उरतो की ही अडचण पैशांची असावी की जागेची.

## पैसे घेऊन रिस्पेक देण्यात काय वाईट आहे?

पैसे बहुधा चुकीच्या माणसाकडून घेतले जातात. आमच्या गेममध्ये पाचव्या लेव्हलला एका गस्तीचे, म्हणजे खेळाच्या एका फेरीचे, ४० होन मिळतात आणि विसाव्या लेव्हलला ४००. रिस्पेकची फी ५०० होन ठेवली, तर नवशिक्याला त्यासाठी साडेबारा गस्ती घालाव्या लागतात आणि जाणत्याला सव्वा. ज्याला चुकण्याची मुभा सर्वांत जास्त हवी त्यालाच ती सर्वांत महाग, आणि ज्याने दर लढाईला बिल्ड बदलू नये असे वाटते त्याला जवळपास फुकट. वाढती फी ठेवल्यास हे थोडे सुधारते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीला पहिला रिस्पेक १ सुवर्णनाण्याला, पुढचा ५ ला आणि मग पाच-पाचने वाढत ५० पर्यंत जात असे. तरीही खिसा भरला की ५० हा आकडा बोचेनासा होतो, आणि ज्यांना दोन वेगळ्या कामांसाठी दोन बिल्ड लागत त्यांच्यावर तो सततचा भुर्दंड होता. २००९ मध्ये तिथे एका पात्राला दोन बिल्ड ठेवण्याची सोय द्यावी लागली, ती यामुळेच.

आम्ही फी काढून टाकली आणि जागा ठरवली. रिस्पेक फक्त गढीत, दोन गस्तींच्या मध्ये, पूर्ण फुकट. गस्त सुरू झाली की ती २० ते २५ मिनिटे चालते, तिच्यात एकटा मोठा शत्रू, टोळी आणि दार राखणे हे तिन्ही प्रसंग येतात, आणि त्या सर्वांना एकाच बिल्डने सामोरे जावे लागते. गस्त अर्ध्यावर सोडली तर तिची कमाई जाते, एवढीच किंमत. प्रयोग करणाऱ्याला काही मोजावे लागत नाही आणि प्रसंग पाहून बिल्ड बदलणाऱ्याला वाटच नाही. ज्या गेममध्ये एका फेरीत एकाच प्रकारचा प्रसंग येतो, तिथे मात्र ही पद्धत चालणार नाही. तिथे फेरीची घडण आधी बदलावी लागेल.

## एकेक नोड परत घेऊ द्यावा की सगळी ट्री रिकामी करायला लावावी?

एकेक. सगळी ट्री रिकामी करून २० पॉइंट पुन्हा लावायचे म्हटले की खेळाडू छोटी दुरुस्ती टाळतो आणि आहे त्यावर भागवतो. शिवाय लोकलमध्ये उभ्याने, एका अंगठ्याने खेळणाऱ्याचे बोट चुकतेच. म्हणून आमच्याकडे ट्रीचा स्क्रीन बंद करेपर्यंत केलेला प्रत्येक बदल कच्चा असतो, गस्तीच्या मध्ये मिळालेला नवा पॉइंटसुद्धा, आणि शेवटी ‘पक्के करा’ म्हटल्यावरच तो लागू होतो.

## एकेक नोड परत घेताना पूर्वअटी मोडणार नाहीत हे कसे तपासायचे?

इथे जवळजवळ प्रत्येकजण एकच चूक करतो, आणि आम्हीही ती केली. नोड काढताना ‘शाखेची बेरीज अजून ११ आहे ना’ एवढेच पाहिले, तर कळसाचा स्वतःचा पॉइंटही त्या बेरजेत येतो. कळसाखालचा एक नोड काढला की खाली १० आणि कळस १ मिळून ११ दिसतात, आणि कळस स्वतःच्याच खांद्यावर उभा राहतो. खेळाडूला एक पॉइंट फुकट मिळतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे एका पॉइंटाने कळस आणि पूल एकत्र येतात. शेजाराच्या अटीच्या ट्रीत याच चुकीने मुळापासून तुटलेले बेट तयार होते, ज्यातले नोड एकमेकांकडे बोट दाखवून वैध ठरतात.

यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे काढण्याची वेगळी तपासणी लिहायचीच नाही. उरलेला संच रिकाम्या ट्रीपासून पुन्हा कोणत्या तरी एका क्रमाने विकत घेता येतो का, एवढेच पाहायचे.

```python
def legal(chosen, can_buy):
    owned = set()
    grew = True
    while grew:
        grew = False
        for n in chosen - owned:
            if can_buy(n, owned):
                owned.add(n)
                grew = True
    return owned == chosen
```

`can_buy` हे फंक्शन नोड घेताना वापरतो तेच आहे, त्यामुळे घेण्याचा आणि काढण्याचा नियम कधीच वेगळा पडत नाही. कळसाची पाळी येते तेव्हा `owned` मध्ये तो स्वतः नसतो, म्हणून तो स्वतःला मोजू शकत नाही. नोड अधिक असल्याने पुढची वाट उघडतेच, कधी बंद होत नाही, असे ज्या ट्रीत आहे तिथे हे अचूक चालते. ‘हा घेतला तर तो घेता येणार नाही’ अशी अट असेल तर ती शेवटी संपूर्ण संचावर वेगळी तपासावी. ५१ नोडांसाठी हे काम साध्या फोनवरही जाणवत नाही.

खेळाडूला मात्र नुसते ‘नाही’ म्हणू नये. नोडावर बोट ठेवताच तो काढल्यास आणखी कोणते नोड गळतील ते लाल रंगात दाखवावे आणि सगळे एकत्र काढण्याची मुभा द्यावी. लूप थांबल्यावर `chosen - owned` मध्ये जे उरते तीच ती यादी असते.

## कोणता नोड निकामी आहे हे कसे ओळखावे?

पूर्ण झालेला बिल्ड घ्यावा, त्यातला एक नोड बंद करावा आणि तीच गस्त पुन्हा खेळावी. इथे पूर्वअटींकडे दुर्लक्ष करून नोड थेट कोडमधून बंद करावा, नाहीतर त्याच्यासोबत वरचेही गळतील. वहीत आडवे बिल्ड आणि उभे नोड असा तक्ता करून प्रत्येक चौकटीत ‘जाणवले नाही’, ‘थोडे जाणवले’ किंवा ‘खेळ बदलला’ एवढेच लिहावे. जी ओळ सर्व बिल्डमध्ये ‘जाणवले नाही’ अशी आहे तो नोड निकामी आहे. जी ओळ सर्व बिल्डमध्ये ‘खेळ बदलला’ अशी आहे तो त्याहून त्रासदायक, कारण तो सगळेच घेणार. तो ट्रीतून काढून पात्राला पहिल्या लेव्हललाच देऊन टाकावा. आमच्या ‘पडल्यावर चटकन उठणे’ या नोडाचे तसेच झाले. ज्या ओळीत तिन्ही शेरे मिसळलेले आहेत ते नोड जपावेत.

## अपडेटमध्ये ट्री बदलली तर जुन्या खेळाडूंचे काय करायचे?

सेव्ह फाइलमध्ये नोडांची जागा किंवा क्रमांक न ठेवता प्रत्येक नोडाचे कायमचे नाव ठेवावे, आणि काढून टाकलेल्या नोडाचे नाव पुन्हा कधी वापरू नये. गेम उघडताच जुना संच नव्या नियमांवर `legal` मधून न्यावा. उत्तर होकारार्थी असेल तर काहीही करू नये. नकारार्थी असेल तर जे नोड बसतात ते तसेच ठेवून उरलेल्यांचे पॉइंट परत द्यावेत आणि कोणते नोड का गेले ते नावानिशी सांगावे. संपूर्ण ट्री गुपचूप रिकामी करू नये.

कळसाची अट ८ वरून ११ वर नेली तेव्हा दोन कळस बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हा प्रसंग आला. धनुष्यात ९ आणि ढालीत ९ असे पॉइंट असल्यामुळे नव्या नियमात दोन्ही कळस बसेनात, आणि दोन्ही गळाले. आम्ही तेव्हा फक्त पॉइंट परत दिले होते. खेळून पाहणाऱ्यांतल्या एका मुलीने घणसोलीहून फोन करून विचारले की तिचा शिलेदार आता उभा राहून बाण का मारत नाही, कारण अपडेटनंतर तिला ट्रीचा स्क्रीन उघडण्याची गरजच वाटली नव्हती. त्यानंतरच्या आवृत्तीत असा बदल झाला की शिलेदार गढीच्या दारातच थांबतो, गळालेल्या नोडांची नावे दाखवतो आणि पॉइंट पुन्हा लावल्याशिवाय गस्त सुरू होत नाही.